मुलाखतीच्या मेलमधून आम्ही काय काढलं, काय ठेवलं

जालन्यात आमच्या केंद्रावर त्या दिवशी परभणीचा एक डिप्लोमा झालेला मुलगा आला. दोन्ही कानांना मशीन. पुण्याच्या कंपनीतून मुलाखतीचं बोलावणं आलं होतं, पण पहिली फेरी फोनवर. फोनवर ओठ दिसत नाहीत, आवाज फाटतो आणि उत्तर चुकलं की विषयच येत नाही असा समज होतो.

"सर, ऐकू कमी येतं हे आपणच सांगितलं तर बोलावतील का?" त्याने विचारलं. माझं मत स्पष्ट होतं: फोन येण्याआधी सांगायचं.

त्याने लिहून आणलेला मेल दीड पानाचा होता. लहानपणीचा ताप, ऑपरेशन, आईवडिलांचे कष्ट, सोबत दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड आणि श्रवण तपासणीचा ऑडिओग्राम. शेवटी "कृपया सहकार्य करावे". सहकार्य म्हणजे नेमकं काय, ते कुठेच नव्हतं. असा मेल वाचून रिक्रूटरला वाईट वाटतं, पण करायचं काय ते कळत नाही. जोडलेले वैद्यकीय कागद तर पुढे कुणाकुणाकडे जातील, याचा भरवसा नसतो.

आम्ही तो सगळा मजकूर काढला. इंग्रजीत गेलेल्या मेलचा आशय असा:

"मला कमी ऐकू येतं. गुरुवारच्या मुलाखतीसाठी तीन गोष्टी हव्या आहेत. फोनऐवजी व्हिडिओ कॉल. प्रत्येक परीक्षक आपापल्या लॅपटॉपवरून जोडलेला. तांत्रिक प्रश्न बोलून झाला की चॅटमध्येही टाकलेला. प्रश्नांची काठिण्यपातळी तीच राहू द्या. प्रमाणपत्र मागितल्यास पाठवतो. हे जमेल का, मंगळवारपर्यंत कळवावं. फोनऐवजी मेल किंवा व्हॉट्सॲप करावा."

विषयात पदाचं नाव, तारीख आणि "मुलाखतीसाठी सोय" एवढंच.

दुसरी मागणी बहुतेकांना सुचत नाही. तिघं एका खोलीत एकाच माइकभोवती बसले की कोण बोलतंय हे कळत नाही, चेहरे बोटाएवढे दिसतात. आणि व्हिडिओ कॉलमध्ये आपोआप उमटणाऱ्या नुसत्या कॅप्शनवर विसंबू नये. मराठी-हिंदी-इंग्रजी एका वाक्यात आलं की त्यात यंत्राच्या भागांची नावं हमखास बिघडतात. म्हणून चॅट.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचा उल्लेख पहिल्या मेलमध्ये मी घालत नाही. पण २०१७च्या नियमांप्रमाणे वीस किंवा जास्त कर्मचारी असलेल्या खाजगी आस्थापनेच्या समान संधी धोरणात निवडीची पद्धत आणि संपर्क अधिकाऱ्याची नेमणूक असावी लागते. कंपनीच्या वेबसाइटवर ते धोरण शोधलं आणि त्या अधिकाऱ्याचा मेल पत्ता सीसीमध्ये टाकला.

सोमवारीच होकार आला. तरी रिक्रूटरने होकार दिला म्हणजे परीक्षकांना निरोप पोचलाच, असं नसतं. म्हणून चॅटमध्ये टाकायची एक ओळ आधीच लिहून ठेवायला सांगितलं: "मला कमी ऐकू येतं, प्रश्न कृपया इथेही लिहा."

गुरुवारी तिघांपैकी एकालाच निरोप मिळालेला होता. मुलाने पहिल्याच मिनिटाला ती ओळ टाकली आणि पहिला प्रश्न चॅटमध्ये आला.