आधी आला तो बंड्या

गेम उघडत नाही या तक्रारीचे दोन प्रकार असतात. एकात पडद्यावर चौकट येते, तिच्यात काहीतरी अगम्य लिहिलेलं असतं, पण निदान काहीतरी लिहिलेलं असतं. दुसऱ्या प्रकारात डबल-क्लिक केल्यावर बाणाशेजारी निळं कडं क्षणभर फिरतं आणि संपलं. ना चौकट, ना आवाज. माझी भाची मुक्ता शिकायला माझ्याकडे राहते. तिच्या वाट्याला शुक्रवारी संध्याकाळी हा दुसरा प्रकार आला, आणि शनिवारी सकाळी दहाला दुसऱ्या एका कॉलेजात पाच-पाच जणांच्या संघांची स्पर्धा. लॅपटॉप ज्याने त्याने आपापला आणायचा.

आदल्याच रात्री गेमचं नवं अपडेट आलं होतं. स्पर्धेत सगळ्यांची आवृत्ती एकच लागते, त्यामुळे ते घेणं भाग होतं. अपडेटच्या आधी गेम चालत होता, नंतर चालेना. संघाच्या ग्रुपवर सल्ल्यांचा पाऊस पडला: ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदल, अँटिव्हायरस बंद कर, विंडोज नव्याने टाक. शेवटचा सल्ला देणाऱ्या मुलाच्या हातात विंडोज देऊ नये असं माझं मत आहे. गेम काढून परत घालावा, तर साठ जीबी उतरवेपर्यंत आमच्या नेटवर रविवार उजाडला असता.

मी पोटापाण्यासाठी सी प्लस प्लस लिहिते, पण मला विचारायला ती आली नाही. डायनिंग टेबलवर लॅपटॉप मांडून बसली. मी समोर भेंडी चिरत होते, त्यामुळे पुढचं सगळं पाहता आलं.

तिने आधी टास्क मॅनेजर उघडा ठेवला आणि गेमवर क्लिक केलं. यादीत गेमचं नाव उगवलं, सेकंदभर टिकलं आणि गेलं. एवढ्यानेच बरंच कळतं. नाव यादीत आलंच नसतं, तर कुणीतरी, बहुधा अँटिव्हायरसने, त्याला दारातच अडवलंय असं समजायचं. नाव यादीत राहिलं असतं आणि खिडकी उघडली नसती, तर गेम कशाची तरी वाट पाहत अडकलाय. येऊन लगेच जातो म्हणजे सुरू होतो आणि पडतो. आणि पडलेल्या प्रोग्रामची नोंद विंडोज सहसा ठेवतं. आपल्याला सांगत नाही एवढंच.

ती नोंद इव्हेंट व्ह्यूअरमध्ये असते. स्टार्टमध्ये `eventvwr.msc` टाइप करायचं, विंडोज लॉग्जमधला अॅप्लिकेशन हा भाग उघडायचा आणि पडण्याच्या वेळेची लाल खुणेची ओळ शोधायची. मुक्ताला ती मिळाली. इव्हेंट क्रमांक 1000. त्यातल्या कामाच्या ओळी अशा होत्या (गेमचं नाव मी बदललंय):

```
Faulting application name: Game.exe
Faulting module name: MSVCP140.dll, version: 14.16.27033.0
Exception code: 0xc0000005
Faulting module path: D:\Games\Game\MSVCP140.dll
```

पहिली ओळ सांगते कोण पडलं, दुसरी सांगते कुणाच्या अंगणात पडलं. `0xc0000005` म्हणजे प्रोग्रामने मेमरीतल्या अशा पत्त्यावर हात घातला, जिथे जायची त्याला मुभा नव्हती. हा आकडा फार सामान्य आहे, त्याच्यावरून एकट्याने काहीच सिद्ध होत नाही. दुसऱ्या ओळीत ग्राफिक्स ड्रायव्हरची फाइल असती, तर ड्रायव्हर बदलायचा सल्ला देणारा मुलगा बरोबर ठरला असता. इथे त्याचा संबंध नव्हता.

`MSVCP140.dll` ही गेमवाल्यांची फाइल नव्हे. व्हिज्युअल सी प्लस प्लसमध्ये बांधलेल्या प्रोग्रामांना लागणारी नेहमीची कामं तिच्यात असतात, आणि असे असंख्य प्रोग्राम ती वापरतात. अशा सामायिक फाइलीला डीएलएल म्हणतात. हे मुक्ताला नेटवर लगेच सापडलं. त्याखालोखाल 'ही डीएलएल इथून फुकट उतरवा' म्हणणाऱ्या साइटही सापडल्या. त्या तिने सोडल्या आणि मायक्रोसॉफ्टच्या पानावरून `vc_redist.x64.exe` घेतलं. हा इन्स्टॉलर या कुटुंबातल्या सगळ्या फाइली एकदम, एकमेकींशी जुळणाऱ्या आवृत्तीच्या, `System32` मध्ये ठेवतो. लॅपटॉप बंद करून चालू केला. गेमवर क्लिक. कडं फिरलं. काही नाही.

इथे बहुतेक जण वैतागून पुढच्या उपायाकडे वळतात. मुक्ता परत नोंद वाचायला गेली, आणि मला तिचं कौतुक वाटलं ते इथे. नवी नोंद होती, वेळ नवी होती, पण आवृत्ती तीच, `14.16`.

"मावशी, आत्ता मी नवीन टाकलं ना? मग हा जुनाच नंबर का दाखवतोय?"

"चौथी ओळ वाच," मी म्हटलं. एवढीच माझी मदत.

चौथ्या ओळीत `System32` नव्हतंच. होता गेमचा स्वतःचा फोल्डर.

विंडोजमध्ये एखादा प्रोग्राम डीएलएल मागतो तेव्हा साधारणपणे फक्त नाव घेऊन मागतो, पत्ता देत नाही. मग शोध ठरलेल्या क्रमाने होतो. विंडोजच्या अगदी गाभ्यातल्या काही फाइलींची सोय वेगळी असते, पण बाकीच्यांसाठी आधी प्रोग्रामचा स्वतःचा फोल्डर, मग `System32`, आणि त्यानंतर इतर जागा. नाव जुळलं की शोध थांबतो, आवृत्ती कुणी विचारत नाही. वाड्यात 'अरे बंड्या' म्हणून हाक मारली की जवळच्या दारातून जो बंड्या बाहेर येईल त्यालाच पिशवी मिळते, मागच्या चौकातला जाणता बंड्या तसाच बसून राहतो. मुक्ताने आणलेली नवी फाइल `System32` मध्ये व्यवस्थित होती. तिला कुणी हाकच मारली नव्हती.

आणखी कुठे कुठे हे बंडे आहेत ते तिने कमांड प्रॉम्प्टवर पाहून घेतलं:

```
where /r D:\ msvcp140.dll
```

उत्तर एकच आलं, गेमच्या फोल्डरातलं. फाइलवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज, तिथे डिटेल्स: आवृत्ती `14.16.27033.0`, तारीख 2019 मधली. फोल्डरातल्या बहुतेक फाइली कालपरवाच्या. हा लॅपटॉप पूर्वी माझ्या मुलाचा, अमेयचा. नोकरीला बंगळुरूला जाताना त्याने तो मुक्ताला दिला तो डी ड्राइव्हसकट, गेमसकट. तिने त्याला फोन लावला.

"अरे दादा, गेमच्या फोल्डरमध्ये तू काही टाकलं होतंस का?"

पलीकडे थोडा विचार झाला. हो, टाकलं होतं. तेव्हा गेम उघडताना 'MSVCP140.dll was not found' अशी चौकट यायची, म्हणून हॉस्टेलातल्या कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरून ती फाइल घेऊन त्याने गेमच्या शेजारी ठेवली होती. "आणि चाललं होतं की मस्त," असंही तो म्हणाला. ते खरंच होतं. इतकी वर्षं चाललं होतं.

मग गुरुवारीच काय झालं? हा भाग माझ्या रोजच्या कामातला असल्याने भेंडी बाजूला ठेवली.

व्हिज्युअल स्टुडिओ हे मायक्रोसॉफ्टचं प्रोग्राम बांधायचं साधन. नावातला 140 हा आकडा त्याच्या 2015 च्या आवृत्तीपासून बदललेला नाही. 2017, 2019 आणि 2022 या आवृत्त्यांमध्ये बांधलेले प्रोग्रामही `MSVCP140.dll` याच नावाने हाक मारतात. यामागे मायक्रोसॉफ्टचा नियम आहे: जुना प्रोग्राम नव्या डीएलएलवर चालेल. उलट्या दिशेची हमी कुणीही दिलेली नाही. प्रोग्राम ज्या साधनांनी बांधला, त्यांच्याइतकीच किंवा त्यांच्याहून नवी डीएलएल हवी.

मे 2024 मध्ये व्हिज्युअल स्टुडिओ 2022 ची 17.10 ही आवृत्ती आली आणि तिच्यात कुलपाची घडण बदलली. हे कुलूप म्हणजे म्यूटेक्स. प्रोग्रामचे दोन धागे एकाच वेळी एकाच माहितीवर तुटून पडू नयेत म्हणून ते लावतात. पूर्वी नवं कुलूप करताना प्रोग्राम डीएलएलला बोलावून ते आतून भरून घेत असे. आता ते भरून घेणं गेलं. प्रोग्राम कोरं कुलूप पुढे करतो, आणि नव्या डीएलएलला कोऱ्या कुलपाचं काय करायचं ते माहीत असतं. जुन्या डीएलएलला माहीत नसतं. ते आतून भरलेलंच असणार असं गृहीत धरून ती आतला पत्ता वाचते, तिथे शून्य असतं, ती शून्य पत्त्यावर जाते आणि विंडोज तिला तिथेच थांबवतं. `0xc0000005`. गेम सुरू होताना पहिलं कुलूप लावायची वेळ फार लवकर येते, म्हणून खिडकीही दिसत नाही.

म्हणजे गेमवाल्यांनी गुरुवारच्या अपडेटपासून नवी साधनं वापरायला सुरुवात केली असणार. त्यांचा कारखाना मी पाहिलेला नाही, पण सगळ्या खुणा तिकडेच बोट दाखवत होत्या. बाकीच्या चौघांच्या लॅपटॉपवर गेमच्या फोल्डरात अशी उपरी फाइल नव्हती, त्यामुळे त्यांना काहीच जाणवलं नाही.

मुक्ताला एक शंका उरली होती. तिने आधीच लाँचरमधून सगळ्या फाइली तपासून घेतल्या होत्या आणि 'सर्व ठीक' असा निकाल आला होता. हे कसं? तर लाँचरकडे गेमच्या फाइलींची यादी असते आणि त्या यादीतल्या फाइली शाबूत आहेत का, एवढंच तो पाहतो. यादीबाहेरचं फोल्डरात कोण येऊन बसलंय याची तो चौकशी करत नाही. अपडेट करणाराही त्याच यादीने चालतो. म्हणून अमेयचा हा पाहुणा प्रत्येक अपडेटमधून सुखरूप सुटत राहिला.

तिने फाइल काढून टाकली नाही, नाव बदलून `msvcp140.dll.old` केलं. हे बरोबर केलं. अंदाज चुकला तर नाव परत द्यायला क्षण पुरतो. शेजारी त्याच तारखेची `vcruntime140.dll` दिसली. तीही त्याच पेनड्राइव्हवरची असणार. एकाच कुटुंबातली एक फाइल जुनी आणि एक नवी ठेवणं म्हणजे पुढच्या भांडणाची सोय, म्हणून तिलाही तेच शेपूट लागलं. क्लिक. कडं फिरलं, पडदा काळा झाला, आणि त्या गेमचं ते ढणढणाटी संगीत सुरू झालं. खालच्या मजल्यावरच्या काकूंनीही बहुधा ते ऐकलं असेल.

मग तिने ग्रुपवर एकच ओळ टाकली, ड्रायव्हर जसाच्या तसा आहे म्हणून, आणि सरावाला बसली. भेंडी मीच केली.

शनिवारी त्यांचा संघ दुसऱ्या फेरीत हरला. समोरची मुलं चांगली खेळली, त्यात डीएलएलचा काही हात नव्हता.