लंगोटाचा रंग

"दीड महिना बाळ पिवळं होतं. आई असून तुझ्या लक्षात कसं आलं नाही?"

आलं होतं. डोळ्यांतला पिवळेपणा माझ्याच नजरेला आधी पडला. मी चुकले ते शीच्या रंगात, आणि ते मी लपवत नाही.

पण विसाव्या दिवशी तिला दवाखान्यात नेणारीही मीच होते. पाचव्या दिवशी बिलिरुबिन १४.२ होतं, दोन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवून घरी सोडलं होतं. विसाव्या दिवशी आलं ८.६. डॉक्टर म्हणाले, "उतरतेय. आईच्या दुधाची कावीळ आहे, पाजत राहा, कोवळं ऊन द्या." तो कागद अजून माझ्याकडे आहे. 'टोटल'पुढे ८.६, त्याखाली 'डायरेक्ट'पुढे नुसती आडवी रेघ. ती तपासणी लिहूनच दिलेली नव्हती.

सगळं त्या रेघेत होतं. बाळाच्या यकृताने अजून प्रक्रिया न केलेलं बिलिरुबिन बहुतेक बाळांत आपोआप उतरतं. डायरेक्ट म्हणजे यकृताने आपलं काम केलेलं, पण पित्ताबरोबर आतड्यात उतरायला वाट न मिळालेलं. माझ्या लेकीत पहिलं उतरत होतं आणि दुसरं चढत होतं. बेरीज कमी आली, आणि आम्ही पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. या दुसऱ्या काविळीवर ऊन आणि दिवा काही करत नाहीत. पंधराव्या दिवशीही बाळ पिवळं असेल तर दोन्ही आकडे बघायचे असतात. डायरेक्ट १ च्या वर गेलं तर मूळ शोधायचं, वाट बघायची नाही.

पंचेचाळिसाव्या दिवशी दीड महिन्याच्या डोसाला गेलो. सिस्टरनी मांडीत इंजेक्शन द्यायला लंगोट सोडला आणि सुई हातात धरून तशाच थांबल्या. "शी रोज अशीच असते?" मी म्हटलं, "हो, नुसतं दूधच पिते ना." आमच्याकडे सगळे असंच म्हणत होते. त्यांनी लंगोट उचलून खिडकीपाशी उजेडात धरला. शी मळलेल्या कणकेसारखी, पांढुरकी. कडेला शूचा डाग मात्र गडद पिवळा. "ताई, उलटं आहे हे," त्या म्हणाल्या. "शू पाण्यासारखी हवी, डाग पडायला नको. आणि शी पिवळी हवी." मी ते लंगोट महिनाभर स्वतःच्या हाताने धूत होते. शूचे डाग जात नाहीत म्हणून साबणसुद्धा बदलला होता.

दुसऱ्या दिवशीचा रिपोर्ट: टोटल ९.१, डायरेक्ट ६.३.

पुढचे दिवस मी बोटांवर मोजले. पुण्यात चार तास उपाशी ठेवून सोनोग्राफी, पित्ताशय सुरकुतलेलं. रक्त गोठायला वेळ लागत होता, म्हणून व्हिटॅमिन केची इंजेक्शनं. पित्त नसेल तर ते जीवनसत्त्व अंगी लागत नाही. मग पाच दिवस एक औषध देऊन स्कॅन. आतड्यात पित्त उतरलंच नाही. बासष्टाव्या दिवशी ऑपरेशन. टेबलावरच पित्ताशयात रंगद्रव्य सोडून एक्स-रे काढला, तेव्हा नक्की झालं: बिलिअरी अट्रेझिया. यकृताबाहेरच्या पित्तनलिकांच्या जागी नुसते तंतू उरले होते. ते काढून आतड्याचा एक भाग वर नेऊन यकृताच्या तोंडाशी जोडला. मोरिओ कासाई या जपानी सर्जनने १९५० च्या दशकात ही वाट काढली. सहाव्या दिवशी शी हिरवट आली आणि मी ती नवऱ्याला, सासूबाईंना, वॉर्डातल्या मावशींनाही दाखवली.

"साठ दिवसांच्या आत" असं सांगतात. एकसष्टाव्या दिवशी दार बंद होतं असं नाही, पण अडलेलं पित्त रोज यकृतात व्रण करत असतं. ऑपरेशनने वाट मोकळी होते, झालेले व्रण मिटत नाहीत.

तेव्हाची मी अजून भांडते माझ्याशी: वजन वाढत होतं, हसायला लागली होती, आजारी बाळ असं असतं का? असतं. या आजारात पहिले दोन महिने बाळ गुटगुटीत दिसतं. मग मी म्हणते, पण शी? तिथे तिच्याकडे उत्तर नाही. आणि विसाव्या दिवशी तो दुसरा आकडा लिहून दिला असता तर? लवकर ऑपरेशन होऊनही पुढे यकृत बदलावं लागलेली मुलं मी वॉर्डात पाहिली आहेत. तरी ते बेचाळीस दिवस माझ्या मनातून जात नाहीत.

आता ती चार वर्षांची आहे. कावीळ उतरली, बिलिरुबिन दोनच्या खाली आहे. प्लीहा वाढली आहे, प्लेटलेट कमी आहेत. प्रत्यारोपण कधी, याला डॉक्टर "बघू" म्हणतात. माझा रक्तगट जुळतो, ते मी आधीच विचारून ठेवलंय.

गेल्या महिन्यात जाऊबाईंना मुलगा झाला. पंधराव्या दिवशी मी बाळाला घ्यायच्या आधी लंगोट मागितला आणि खिडकीपाशी नेला. त्यांना राग आला. पिवळी होती.