आमची वाटचाल : दोन उभ्या रेघा आणि एक आडवी

आम्ही तिघांनी हे काम सुरू केलं तेव्हा कल्पना सरळ होती. वहीतल्या उदाहरणाचा फोटो काढायचा, ॲपने ते वाचायचं, सोडवायचं आणि उत्तर संख्यारेषेवर दाखवायचं. समीकरणं, बेरजा, अपूर्णांक हे सगळं बऱ्यापैकी जमलं होतं. मग आम्ही केवल मूल्याच्या असमानता हाती घेतल्या आणि तिथेच सगळ्यात जास्त काळ अडकलो. पहिल्यांदा वाटलं, अवघड भाग सोडवण्याचा असेल. प्रत्यक्षात सोडवणं काही दिवसांत झालं आणि वाचणं मात्र पुढे कितीतरी महिने पुरलं.

सुरुवातीच्या वापरकर्त्यांमध्ये गणिताच्या एक शिक्षिका होत्या. त्यांनी एका विद्यार्थ्याच्या वहीचा फोटो आणि आमच्या ॲपचं उत्तर, दोन्ही पाठवलं. वहीत होतं |2x − 3| ≤ 7. आमच्या संख्यारेषेवर एक भरीव ठिपका होता 19/6 वर, आणि तिथून डावीकडे न संपणारा बाण. बाईंनी खाली एवढंच लिहिलं होतं, "हे उत्तर कुठून आलं ते मला मुलाला सांगता येत नाहीये."

आम्हालाही आधी सांगता येईना. मग लक्षात आलं, की ॲपने दोन्ही उभ्या रेघा 1 म्हणून वाचल्या होत्या. त्याच्या लेखी उदाहरण होतं 12x − 31 ≤ 7. म्हणजे 12x ≤ 38, आणि x ≤ 19/6. त्या उदाहरणाचं ते उत्तर अगदी बरोबर होतं! एकच रेघ चुकली असती तर दुसरी जोडीविना राहिली असती आणि ॲप लगेच थांबलं असतं. दोन्ही चुकल्यामुळे व्याकरण शुद्ध राहिलं आणि चूक आत लपली.

खरं उत्तर काय ते आधी सांगतो. 2x − 3 ही संख्या शून्यापासून 7 किंवा त्याहून कमी अंतरावर हवी. म्हणजे −7 ≤ 2x − 3 ≤ 7. सगळीकडे 3 मिळवले की −4 ≤ 2x ≤ 10, आणि 2 ने भागलं की −2 ≤ x ≤ 5. संख्यारेषेवर −2 आणि 5 वर भरीव ठिपके, मधला भाग जाड. ॲप हेच उत्तर आणखी एका वाटेनेही दाखवतं, आणि मला ती वाट जास्त आवडते. 2 बाहेर काढला तर x चं 3/2 पासूनचं अंतर 7/2 पेक्षा जास्त नको, असा अर्थ होतो. म्हणून आम्ही 3/2 वर एक फिकट खूण करतो आणि दोन्ही बाजूंना सारखंच अंतर मोजून दाखवतो. केवल मूल्य म्हणजे अंतर, ही गोष्ट मुलांना तिथे डोळ्यांनी दिसते. चिन्ह बदलून |2x − 3| > 7 केलं की जाड भाग बाहेर जातो आणि बाणांचे दोन तुकडे होतात. मग −2 > x > 5 असं एकत्र लिहिण्याची नेहमीची चूक का चालत नाही, हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. −2 पेक्षा लहान आणि 5 पेक्षा मोठी, अशी एकही संख्या त्या रेषेवर सापडत नाही.

परत रेघांकडे येतो. 1 आणि केवल मूल्याची रेघ यांत फरक करायला आम्ही आधी उंची पाहू लागलो. बहुतेक लोक ही रेघ आकड्यांच्या थोडी वर आणि थोडी खाली नेतात, 1 मात्र शेजारच्या 7 एवढाच राहतो. पण घाईत लिहिणाऱ्याची रेघही आखूड होते. तेव्हा त्याच पानावर त्या व्यक्तीने इतर ठिकाणी 1 कसा काढलाय ते पाहतो. वर छोटी चोच असेल तर प्रश्न सुटतो. त्यानेही निकाल लागला नाही तर दोन्ही वाचनं पडद्यावर ठेवतो आणि विचारतो. वाचलेलं उदाहरण उत्तराच्या आधी, मोठ्या अक्षरात दाखवायचं, हा नियम बाईंच्या त्या फोटोपासून आला. उत्तर मूळ असमानतेत घालून आम्ही तपासतोच : x = −3 ला 9 येतात म्हणून बाहेर, 0 ला 3 म्हणून आत, 6 ला 9 म्हणून बाहेर, आणि −2 व 5 या टोकांना नेमके 7. पण ही तपासणी वाचलेल्या उदाहरणाची असते, लिहिलेल्या उदाहरणाची नाही. लिहिलेलं काय होतं ते माणसालाच ओळखता येतं.

दुसरा धडा आडव्या रेघेचा. रेघांच्या वहीत < च्या नेमकी खाली छापील रेघ आली की ते ≤ दिसतं. म्हणून आम्ही पानभर जाणाऱ्या लांब आडव्या रेघा आधी पुसू लागलो. त्याने एक चूक गेली आणि उलटी चूक आली. कुणी ≤ ची खालची रेघ छापील रेघेवरच ओढली असेल, तर तीही पुसली जाऊ लागली. |x − 4| ≤ 0 चं |x − 4| < 0 झालं. अंतर शून्याहून लहान असूच शकत नाही, म्हणून ॲप म्हणालं, उकल नाही. खरं उत्तर होतं x = 4, संख्यारेषेवर एकच भरीव ठिपका. बाकीच्या उदाहरणांत या चुकीने ठिपका भरीवचा पोकळ होतो, इथे सगळं उत्तरच नाहीसं झालं.

आता रेघ पुसण्याआधी आम्ही चिन्हाखालचा तुकडा त्याच रेघेच्या डाव्या-उजव्या भागाशी ताडून पाहतो. पेन फिरलं असेल तर तो तुकडा जाड आणि गडद असतो. फोटो लगेच काळापांढरा करणंही थांबवलं, कारण काळं पेन आणि निळी छापील रेघ रंगावरून सहज वेगळी होतात. निळ्या पेनाने लिहिलं असेल तर मात्र फक्त जाडी हाती उरते, आणि फोटोवर हाताची सावली पडलेली असली तर तीही भरवशाची नसते. अशा वेळी चिन्हावर पिवळा चौकोन येतो आणि वापरकर्ता बोटाने योग्य चिन्ह निवडतो.

उकल नसलेल्या उदाहरणांत आम्ही पूर्वी नुसती रिकामी संख्यारेषा दाखवायचो. लोकांना वाटायचं चित्र यायचं राहिलंय, आणि ते पुन्हा पुन्हा फोटो काढायचे. आता रेषेच्या वर "एकही संख्या चालत नाही" असं लिहून येतं आणि खाली कारण येतं.

सध्या हातात आहे ते एकात एक केवल मूल्यांचं काम. कंसाची सुरुवात आणि शेवट दिसायला वेगळे असतात, या रेघेचे नसतात. |x|x − 2| − 3| ≤ 5 हे दोन प्रकारे वाचता येतं : बाहेरच्या दोन रेघा एका जोडीत आणि |x − 2| तिच्या आत, किंवा आधी |x|, मग x − 2, आणि त्या 2 ला गुणणारं |−3|. दुसऱ्या वाचनात ते x|x| − 6 ≤ 5 होतं, म्हणजे अगदी वेगळंच उदाहरण. हाताने लिहिताना बरेच जण बाहेरची जोडी लांब काढतात, त्यावरून आम्ही अंदाज बांधतो. चारही रेघा सारख्या असतील तर दोन्ही वाचनं जोड्यांना वेगवेगळा रंग देऊन समोर ठेवतो, आणि निवड होईपर्यंत संख्यारेषा काढत नाही.