फळ्यावर दोनच आकृत्या

आजच्या कबड्डी सामन्याआधीच्या बैठकीत फळ्यावर फक्त दोन आकृत्या काढल्या. समोरचा मुख्य चढाईपटू आपल्या उजव्या कोपऱ्यावर बोनस घ्यायला येतो. आपला कोपरारक्षक घाईने घोट्यावर झेपावला की तो पाय मागे ओढतो आणि हाताने गुण टिपतो.

पहिली आकृती सहा-सात बचावपटू मैदानात असतानाची. त्याचा एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकून मागचा पाय हवेत गेला, की तोल एकाच पायावर येतो. कोपरारक्षकाने पकड तेव्हाच करायची. उजव्या कव्हरने त्याच्यानंतर अर्ध्या पावलाने मध्यरेषेकडची वाट बंद करायची. कव्हर आधी हलला तर चढाईपटू सावध होतो आणि बोनस सोडून परत जातो.

दुसरी आकृती पाच किंवा कमी जणांची. तेव्हा बोनस नसतो, त्यामुळे कोपऱ्याने वाट पाहण्यात अर्थ नाही. साखळी धरून जागा आवळायची.

आकृती नेहमी आपल्या अंतिम रेषेकडून पाहिल्यासारखी काढावी. चढाईपटूच्या बाजूने काढली की डावे-उजवे उलटते, आणि ऐन पकडीत दोघे एकमेकांवर आदळतात. शेवटी फळा पुसला आणि प्रत्येकाला आपली जागा स्वतः काढायला लावली. डावा कव्हर अडखळला, मग त्याची हालचाल मॅटवर चालून दाखवली.