आमची वाटचाल : पीएफची 15 तारीख आणि आम्ही भरलेला दंड

आमचा गोरेगावला गाळा आहे, औषधाच्या बाटल्यांची लेबलं आणि छोटे कार्टन छापतो. मी आणि माझा चुलतभाऊ, त्याला सगळे दादाच म्हणतात, दोघं पार्टनर. 2006 ला सहा माणसांवर सुरू केलं, एक जुनं सेकंडहँड मशीन होतं, पावसाळ्यात गाळ्यात पाणी शिरायचं तेव्हा कागदाची रिमं टेबलावर चढवून ठेवायचो. ते सगळं ज्याने धंदा केलाय त्याला माहितीये, त्यावर वेळ घालवत नाही. आज लिहायचंय ते पीएफच्या दंडाबद्दल, कारण त्यात आम्ही जे शिकलो ते आम्हाला कोणी आधी नीट समजावून सांगितलं नव्हतं.

2013 ला माणसं 20 च्या वर गेली आणि पीएफ लागला. तेव्हा एकाने सल्ला दिला की दोन जणांना काढ, 19 वर ये, सुटशील. तसं काही नसतं हं, एकदा लागू झाला की माणसं नंतर कमी झाली तरी पीएफ चालूच राहतो.

पुढचा हिशेब कळावा म्हणून आधी आकडा सांगतो. 24 माणसं, प्रत्येकाचा पीएफचा पगार 15 हजार धरला, म्हणजे महिन्याचे 3 लाख 60 हजार. त्याचे 12 टक्के कामगाराच्या पगारातून कापायचे, 43,200, आणि तेवढेच आपण घालायचे. वर विम्याचे अर्धा टक्का आणि पीएफ ऑफिसचा चार्ज अर्धा टक्का, दोन्ही आपल्याच खिशातून. सगळं मिळून पगाराच्या 25 टक्के, आमचे महिन्याला बरोबर 90 हजार, आणि हे पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत गेले पाहिजेत. पूर्वी पाच दिवसांची सवलत होती, ती 2016 ला काढून टाकली. आमच्या ओळखीतले काही जण अजून 20 तारीख डोक्यात धरून बसलेत.

2019 च्या सुरुवातीला आमच्या मोठ्या गिऱ्हाईकाने पेमेंट अडकवलं. पगार थांबवता येत नाही, कागदवाला उधारी देईना, मग थांबला तो पीएफ. मार्च, एप्रिल, मे असे तीन महिने भरलेच नाहीत. जूनपासून थोडं सावरलो तर आम्ही काय केलं, चालू महिन्याचं वेळेवर भरायला लागलो आणि जुने तीन तसेच लोंबकळत ठेवले. वाटलं की चालू तरी क्लीन राहू दे. हीच मोठी चूक होती, का ते पुढे येतंच.

ऑक्टोबरमध्ये पेस्टिंगला असणाऱ्या आमच्या एक मावशी मुलाचा मोबाईल घेऊन केबिनमध्ये आल्या. मुलीच्या लग्नाला पीएफमधून पैसे काढायचे होते म्हणून मुलाने पासबुक उघडलं होतं. त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "साहेब, हे तीन महिने कोरे कसे ओ? माझ्या पगारातून तर कापलेत." आवाज चढवला नाही, फक्त विचारलं. माझ्याकडे उत्तरच नव्हतं. कामगाराच्या पगारातून कापलेले पैसे जमा न करणं हा नुसता उशीर नसतो, कायद्यात तो विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा धरतात, हे मला त्या दिवशी संध्याकाळी आमच्या पीएफ कन्सल्टंटने फोनवर सांगितलं. मग ओव्हरड्राफ्ट ओढला आणि 25 ऑक्टोबरला, धनत्रयोदशीच्या दिवशी, तीनही महिन्यांचे 2 लाख 70 हजार भरून टाकले. मला वाटलं विषय संपला.

विषय संपला नव्हता. 2022 ला पीएफ ऑफिसची नोटीस आली, सुनावणीच्या तारखेसकट. तीन वर्षांनी! मी कन्सल्टंटला म्हटलं हे टाइम-बार झालं असेल ना, तर तो हसला, म्हणाला यात तशी मुदतच नाही, दहा वर्षांनीही येऊ शकते.

नोटिशीत दोन वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि लोक त्या एकच समजतात. एक म्हणजे व्याज, तेव्हाचं कलम 7-क्यू, वर्षाला 12 टक्के सरळ व्याज, जितके दिवस उशीर तितक्या दिवसांचं. यात कोणालाच काही कमी करता येत नाही. दुसरे डॅमेजेस, तेव्हाचं कलम 14-बी, हा खरा दंड, आणि तो व्याजाच्या वर वेगळा लागतो. त्या वेळी याचे टप्पे होते. दोन महिन्यांच्या आत उशीर असेल तर वर्षाला 5 टक्के, दोन ते चार महिने 10, चार ते सहा महिने 15, आणि सहा महिने किंवा जास्त झाले की एकदम 25 टक्के. आणि मेख अशी की जो टप्पा लागतो तो सगळ्या दिवसांना लागतो, शेवटच्या दिवसांपुरता नाही.

आता आमचे तीन महिने बघा. मे महिन्याचे पैसे 15 जूनला जायला हवे होते, 132 दिवस उशीर, टप्पा 15 टक्के, डॅमेजेस 4,882. एप्रिलचे 163 दिवस, टप्पा 15 टक्केच, 6,029. आणि मार्चचे? 15 एप्रिलपासून 193 दिवस, सहा महिन्यांच्या वर दहा दिवस गेले, म्हणून 25 टक्के, 11,897. एप्रिलपेक्षा फक्त 30 दिवस जास्त आणि दंड जवळजवळ दुप्पट. मार्चचे पैसे 5 ऑक्टोबरला जरी भरले असते तरी 6,400 च्या आसपास सुटलो असतो. आणि तेवढे पैसे होते हो आमच्याकडे, ते आम्ही चालू महिन्यात घातले होते. म्हणून म्हटलं चूक ती होती, थकलेलं असेल तर सगळ्यात जुना महिना आधी फोडायचा.

तिन्हीचे डॅमेजेस मिळून 22,808 आणि 12 टक्क्यांचं व्याज 14,440, एकूण 37,248.

सुनावणीला जाताना कन्सल्टंटने एकच काम लावलं होतं, नोटिशीसोबतच्या तक्त्यातली प्रत्येक ओळ आपल्या चलनाशी लावून बघ. तक्त्यात महिना, ड्यू डेट, भरल्याची तारीख, उशिराचे दिवस आणि रक्कम असते. आमच्या तक्त्यात चार ओळी होत्या. चौथी ओळ डिसेंबर 2018 ची, जो महिना आम्ही वेळेत भरला होता, तिथे भलत्याच चलनाची तारीख पडली होती. टीआरआरएन, म्हणजे त्या चलनाचा ओळख नंबर, असलेली पावती आणि बँकेचं स्टेटमेंट दाखवलं तशी ती ओळ निघाली. बाकी तीन ओळींवर मी सांगून बघितलं की गिऱ्हाईकाने पैसे थकवले, आमचा काही उद्देश नव्हता. अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले उद्देश होता की नव्हता हा प्रश्नच नाही, उशीर झाला एवढं पुरेसं आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने नेमकं हेच म्हटलंय, डॅमेजेस लावायला मनात खोट असल्याचं सिद्ध करावं लागत नाही. मग भरले.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाचा आणखी एक निकाल आला, इन्कम टॅक्सचा, आणि तो मला दंडापेक्षा महाग वाटला. आधी काय व्हायचं, कामगाराचा हिस्सा उशिरा भरला पण रिटर्नच्या तारखेआधी भरला तर आमचे सीए तो खर्चात घ्यायचे, मुंबई हायकोर्टाचा तसा निकाल होता. त्या निकालानंतर 15 तारीख चुकली की कामगाराचा हिस्सा तुमचं उत्पन्न धरला जायला लागला, नंतर भरला तरी तो खर्च परत मिळायचा नाही. आमच्या त्या तीन महिन्यांसारखं त्या निकालानंतर झालं असतं तर 43,200 चे तिप्पट, 1,29,600 उत्पन्नात चढले असते आणि पार्टनरशिप फर्मला 30 टक्के टॅक्स आणि सेस धरून 40 हजारांवर गेले असते. म्हणजे व्याज आणि डॅमेजेस मिळून जेवढे गेले त्याहून जास्त.

जून 2024 मध्ये डॅमेजेसचे टप्पे बदलले. आता सरसकट महिन्याला 1 टक्का. ऐकून सगळे खूश झाले, 25 चे 12 झाले म्हणून. लांबलेल्या थकबाकीला ते खरंच स्वस्त आहे, आमचा मार्च 2019 या दराने 11,897 ऐवजी 6,300 झाला असता. पण त्या नियमात "किंवा महिन्याचा भाग" असे शब्द आहेत आणि आमच्यासारख्या दोन-चार दिवस चुकणाऱ्यांना तेच नडतात.

आम्हाला लगेच पुढच्याच महिन्यात नडले. जुलै 2024, आषाढी 17 तारखेला होती आणि दादा वारीला गेला होता. अकाउंट्सच्या मुलाने 13 तारखेला पीएफच्या पोर्टलवर फाईल चढवली, चलन काढलं, टीआरआरएन आला आणि त्याने मला मेसेज टाकला, पीएफ झाला. चलन निघालं म्हणजे पैसे गेले असं नसतं! बँकेत दोघांची मंजुरी लागते आणि दुसरा ओटीपी दादाच्या मोबाईलवर येतो. 15 तारखेला संध्याकाळी मी स्टेटस बघितलं तर पेमेंट पेंडिंग, आणि दादाचा फोन लागेना, वाखरी ते पंढरपूर त्या गर्दीत कुठे लागणार. पैसे गेले 18 तारखेला. तीन दिवस उशीर. जुन्या टप्प्याने डॅमेजेस 37 रुपये झाले असते, नव्याने पूर्ण महिन्याचा 1 टक्का, 900. वर व्याज 89. आणि कामगाराचे 43,200 इन्कम टॅक्सच्या हिशेबात गेले, त्यावर साडेतेरा हजारांच्या आसपास. खात्यात पैसे असताना!

तेव्हापासून पगार 7 तारखेला होतो आणि त्याच दिवशी पीएफचे 90 हजार एका वेगळ्या करंट अकाउंटला वळवतो, त्या खात्याचं चेकबुकच घेतलेलं नाही. फाईल 8 ला, पैसे 10 ला. मधले पाच दिवस बँकेचा सर्व्हर, पोर्टल, सुट्टी या सगळ्यासाठी ठेवलेत. नवीन माणसाचं आधार जुळत नसेल तर पूर्वी आम्ही सगळी फाईल अडवून बसायचो, आता 23 जणांचं भरून टाकतो आणि त्याचं जुळलं की पुरवणी फाईल टाकतो, मग उशीर लागलाच तर एका माणसाच्या 3,750 वर लागतो, 90 हजारांवर नाही. आणि अकाउंट्सच्या मुलाचं "झालं" मी ऐकत नाही, पेमेंट कन्फर्म झाल्याची पावती ग्रुपवर पडली पाहिजे.

ओटीपीचा नंबर बदलायला बँकेत तीन चकरा झाल्या. पुढच्या वारीला निघताना दादाने ते सिमकार्ड काढून एका जुन्या बटणाच्या फोनमध्ये घातलं, चार्जरसकट माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "हे घे, 10 तारखेला मला माऊलींच्या वाटेवर फोन करू नकोस."