अडीच टक्के म्हणजे किती टॉवेल?

सोलापुरातल्या त्या टॉवेल कारखान्यात मी पोचलो तेव्हा ३००० नगांचा लॉट भरणं चालू होतं. चेकिंगच्या बायकांनी लूप ओढले गेलेले ६४ टॉवेल बाजूला काढले होते, आणि कारखान्याचे मालक असलेल्या अण्णांनी ते परत पेट्यांत घालायला लावले होते. मी कारण विचारलं तर जर्मन ग्राहकाचे कागद पुढे सरकवले. "मेजर म्हणजे मोठ्या दोषांना एक्यूएल २.५ लिहिलंय. ३००० चे अडीच टक्के म्हणजे ७५ चालतात. माझे ६४ आहेत."

हा हिशेब मी अनेकांच्या तोंडून ऐकलाय. एक्यूएल म्हणजे 'स्वीकारार्ह गुणवत्ता मर्यादा'. दोष त्यांचा नाही, त्यातला 'स्वीकारार्ह' हा शब्दच तसा फसवा आहे.

मी अण्णांबरोबर आयएसओ २८५९-१ चा, म्हणजे नमुना काढून लॉट तपासायच्या मानकाचा, तक्ता उघडला. १२०१ ते ३२०० नगांचा लॉट, तपासणीची पातळी दोन, म्हणून नमुना किती मोठा ते सांगणारं अक्षर K. K ला १२५ नग काढायचे. २.५ च्या रकान्यात ७ आणि ८, म्हणजे त्या १२५ मध्ये मेजर दोषाचे ७ नग निघाले तर लॉट पास, ८ वा निघाला की नापास. ७५ चा आकडा तक्त्यात कुठेच नाही.

अण्णांनी लगेच कॅल्क्युलेटर ओढला. "१२५ मध्ये ७ म्हणजे ५.६ टक्के झाले की! मग अडीच कसले?"

प्रश्न अगदी बरोबर होता. मी सांगितलं, अण्णा, १२५ नग कुठले हातात येतील ते नशिबावर असतं, म्हणून मर्यादा सैल ठेवलीय. लॉटमध्ये खरोखर अडीच टक्के खराब असतील तर शंभरातले ९८ वेळा पास होईल. ५.६ टक्के असतील तर साधारण ६० वेळाच. आणि त्याच मानकात असंही लिहिलंय, की एक्यूएल ठरला म्हणून माहीत असलेला खराब नग पाठवायचा हक्क मिळत नाही.

ते गप्प झाले, पण पटलेलं दिसत नव्हतं. म्हणून म्हटलं, ग्राहकाचा माणूस उद्या येणार आहे, आज आपणच काढून बघू. ६० पैकी ८ पेट्या वेगवेगळ्या थप्प्यांतून उचलल्या आणि १२५ टॉवेल टेबलावर उलगडले. मेजर निघाले ९. त्यातले तीनच लूपचे, बाकी सहा टॉवेलांच्या कोपऱ्याची शिवण सुटलेली. चेकिंगला बायका टॉवेल मधे धरून दोन्ही बाजू बघत होत्या, कोपरे त्यांच्या मुठीत दुमडलेले राहत होते. म्हणजे अण्णांना ठाऊक असलेल्या ६४ शिवाय न दिसलेले कितीतरी आत होते.

"सगळ्या पेट्या फोडा," अण्णा म्हणाले.

रात्री साडेअकरापर्यंत प्रत्येक टॉवेलचे चारही कोपरे बोटांनी ओढून बघितले गेले. खराब काढले, त्या जागी गोदामातले तपासलेले नग भरले. दुसऱ्या दिवशी तपासनिसाला १२५ मध्ये मेजर २ सापडले.