'बघ ना कसं बसतंय ते' : जास्तीचं काम नाकारतानाचा माझा अनुभव

मी अकाउंट्समध्ये आहे, व्हेंडर पेमेंट्स बघते. टीममधली एक मुलगी नोकरी सोडून गेली आणि तिच्याकडचं 60 व्हेंडरांचं लेजर रीकन्सिलिएशन, म्हणजे आमच्या खात्यातले आणि व्हेंडरकडचे आकडे जुळवायचं काम, सरांनी माझ्या गळ्यात घातलं. मुदत दोन आठवडे, तीही नेमकी महिनाअखेरच्या क्लोजिंगच्या तोंडावर. शिवाय ऑडिटरच्या प्रश्नांची उत्तरं चालूच होती.

'सर, वेळ नाही' असं मी म्हटलं नाही. ते सगळेच म्हणतात, आणि त्यावर 'वेळ कोणालाच नसतो' हे उत्तर तयार असतं. त्याऐवजी एका पानावर माझा आठवडा मांडला. एकूण 45 तास. त्यात मीटिंगा 6, व्हेंडरांचे फोन आणि मेल 5, बिलांची नोंद 14, पेमेंट रन 6, क्लोजिंगच्या तरतुदी आणि नोंदी 8, ऑडिटची उत्तरं 5. उरला 1 तास. प्रत्येक ओळीपुढे ते काम थांबलं तर कोणाचं अडेल हे लिहिलं. तासांपेक्षा सरांनी तोच रकाना जास्त वाचला.

नव्या कामाचे तासही काढले. आमचं लेजर आणि व्हेंडरचं स्टेटमेंट जुळत असेल, तर अर्ध्या तासात एक व्हेंडर हातावेगळा होतो. पण जुना अॅडव्हान्स पडून असेल, डेबिट नोट एकाच बाजूला नोंदलेली असेल किंवा पेमेंट भलत्याच बिलावर लावलेलं असेल, तर दोन तास सहज जातात. यादी चाळल्यावर साधारण 40 सरळ आणि 20 गुंत्याचे दिसले. म्हणजे 20 अधिक 40, एकूण 60 तास. माझ्याकडे दोन आठवड्यांत मोकळे 2.

इथपर्यंत काहीच अवघड गेलं नाही. सरांनी कागद बघितला, मान डोलावली आणि म्हणाले, "बरोबर आहे गं तुझं. पण दोन्ही महत्त्वाचं आहे. बघ ना कसं बसतंय ते."

या एका वाक्यावर सगळं अडलं, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. काम जास्त आहे हे मान्य, पण काय मागे ठेवायचं ते सांगायचं नाही. म्हणजे निवड मीच करायची आणि उद्या काही राहिलं की 'आधी का नाही सांगितलंस' हेही मीच ऐकायचं. मी तीन पर्याय मेलवर पाठवले. उत्तर नाही. जाता-येता विचारलं की "बोलू". 'बोलू' हा आमच्या ऑफिसातला सगळ्यात लांबलचक शब्द आहे.

पर्याय असे होते. पहिला : सर्वांत जास्त येणी-देणी असलेले गुंत्याचे 10 व्हेंडर मी मुदतीत करते, 20 तास लागतील, त्यासाठी दोन आठवडे बिलांची निम्मी नोंद ज्युनिअरकडे द्यायची (14 तास), मला दर आठवड्याच्या दोन तासांच्या रिव्ह्यू मीटिंगमधून सोडायचं (4 तास), आणि माझे मोकळे 2. दुसरा : सगळे 60 मीच करते, पण क्लोजिंग झाल्यावर, आठवड्याला साधारण 9 तास मिळतील, पुढचं क्लोजिंग मध्ये येणार, तेव्हा दोन महिने धरा. तिसरा : सगळे 60 याच मुदतीत, मग सरळ 40 दुसऱ्या कोणाला तरी, गुंत्याचे 20 मला, आणि माझी बिलं व पेमेंट रन पूर्णपणे दुसऱ्याकडे. यातली गोम सरांना माहीत होती. बँकेच्या पोर्टलवर पेमेंट टाकायचे अधिकार नावानिशी असतात, ते बदलायला मंजुरी लागते आणि मंजुरीला दिवस जातात.

'उत्तर नाही आलं तर मी पहिला पर्याय धरून चालते' असं लिहून मोकळं व्हायचा सल्ला बरेच जण देतात. तो अर्धाच चालतो. जे आपल्याच हातात आहे, म्हणजे कोणता व्हेंडर आधी घ्यायचा वगैरे, तिथे ठीक. पण ज्युनिअरला मी परस्पर काम देऊ शकत नाही, तो सरांच्याच शब्दावर हलणार. आणि नेमके त्यातच माझे 14 तास अडकलेले. म्हणून मी मेल लिहिला तो असा : 'सोमवारपासून पहिल्या पर्यायातले पहिले दोन व्हेंडर सुरू करते. बिलांची नोंद ज्युनिअरकडे गेली नाही तर तिसऱ्याच्या पुढे जाता येणार नाही. शुक्रवारपर्यंत ठरलं तर दहाही मुदतीत होतील.' सरांच्या वरच्यांना सीसी केलं नाही. एक मैत्रीण म्हणत होती कर, पण मग विषय कामाचा राहिला नसता.

याचंही उत्तर आलं नाही. शेवटी त्यांच्या कॅलेंडरवर दहा मिनिटं घेतली, कागद घेऊन समोर बसले आणि प्रश्न बदलला. 'काय करू' विचारलंच नाही. विचारलं, "सर, हे 60 कोणाला दाखवायचेत?"

ते जरा थांबले. मग कळलं की ऑडिटर काही निवडक व्हेंडरांना बॅलन्स कन्फर्मेशनची पत्रं पाठवणार होते, आणि त्यांची उत्तरं आली की आमचे आकडे जुळायला हवे होते. वरून 'व्हेंडर रीकन्सिलिएशन पूर्ण करा' एवढाच निरोप आला, तो सरांनी तसाच खाली सोडला. ऑडिटरच्या निवडीत त्या 60पैकी 11 होते. त्यातले 7 माझ्या दहांत आधीच होते, आणि नवे चारही सरळ, म्हणजे मिळून दोन तासांचे. दहांतले उरलेले तीन बाहेर काढले, तर एकूण 16 तासांत भागत होतं.

मग मात्र सर पटकन हलले. ज्युनिअरला समोरच फोन लावला. मीटिंगमधून काही सोडलं नाही, पण 14 आणि 2 मिळून 16 होत होते, म्हणून मीही ताणलं नाही. ठरलेलं पाच ओळींत त्याच दुपारी मेल केलं : कोणते 11, कोणती तारीख, ज्युनिअरकडे काय, उरलेले 49 कधी, आणि त्यांच्यासाठी वेगळे तास लागतील हे. सरांचं 'ओके' आलं. एवढं एक 'ओके' मिळवायला केवढी दमछाक!

आता आठवलं म्हणून सांगते, तासांचा अंदाज पाठवायच्या आधी एक सरळ आणि एक गुंत्याचा असे दोन व्हेंडर घड्याळ लावून करून बघितले होते. सरांनी "अर्धा तास कशाला लागतो?" विचारलं तेव्हा ती शीट उघडून दाखवता आली. आणि तास फुगवू नका. सरांनी स्वतः हे काम केलेलं असेल तर एक फुगवलेली ओळ त्यांना लगेच दिसते, मग बाकीच्या खऱ्या ओळीही खोट्या ठरतात.

अकरा झाले, पत्रांची उत्तरंही आली. दोन ठिकाणी फरक निघाला, दोन्ही जुने अॅडव्हान्स. गेल्या आठवड्यात सरांचा एका ओळीचा मेल आला : 'उरलेल्या 49 चं काय?' मी आधीचाच मेल पुन्हा पाठवला आणि तासांचा रकाना पिवळा केला. अजून उत्तर नाही. सोमवारी कॅलेंडरवर दहा मिनिटं घेऊन ठेवली आहेत.